अर्जात किती, भेटीत किती

*माझी मुलगी सहावीत आहे, सेमी-इंग्रजी, सकाळचं अधिवेशन. जूनपासून शाळेच्या दिवशी सकाळी तिचं पोट दुखतं, रविवारी दुखत नाही. डॉक्टरांनी तपासलं, काही निघालं नाही. शाळेत गेली तरी ऑफिसातून फोन करायला लावते, "आई, तू संध्याकाळी घरी येशील ना?" एप्रिलमध्ये मिस्टरांची नोकरी गेली. रात्री आवाज चढतात आणि वन रूम किचनमध्ये तिला सगळं ऐकू जातं. बाहेर काही बोलायचं नाही, असं आम्ही तिला बजावलंय. शाळेत आठवड्यातून दोन दिवस काउन्सेलर मॅडम येतात, त्यांची वेळ शाळेच्या ॲपवरून मागायची असते. मी लिहायला बसले तर दीड पान झालं. अजून पाठवलेलं नाही, मसुदा तुम्हाला पाठवतेय. मिस्टर म्हणतात, घरातलं शाळेला कळता कामा नये. मी काय लिहू आणि काय ठेवू?*

*– एक आई, भांडुप*

ताई, पाठवलं नाहीत ते बरं केलंत. तुम्ही लिहिलंय ते चुकीचं नाही, पण ते भेटीत सांगायचं आहे आणि तुम्ही ते वेळ मागायच्या अर्जात घातलंय.

हा अर्ज नेमकं कोण कोण वाचतं ते आधी पाहा. ॲपवरचा निरोप बहुतेक शाळांमध्ये सरळ समुपदेशकांकडे जात नाही. तो वर्गशिक्षिका उघडतात, त्या पर्यवेक्षिकांकडे पाठवतात, कधी ऑफिसातल्या क्लार्कना वेळ नोंदवायला सांगितलं जातं, आणि मग मॅडम ज्या दिवशी येतात त्या दिवशी त्यांच्यापर्यंत पोहोचतो. मध्ये तीन-चार माणसं झाली. त्यातलं कुणी वाईट नसतं, पण मॅडमनी खोलीत ऐकलेलं गुप्त ठेवायचं असतं, तसं बंधन या मधल्या माणसांवर नसतं. ऑफिसात फीचा हिशेब ठेवणारी व्यक्तीच हा निरोप वाचत असेल तर "मिस्टरांची नोकरी गेली" या वाक्याचा तिथे वेगळाच अर्थ लागतो.

आणखी एक वाचक आहे, त्याचा विचार बहुतेक पालकांच्या मनात येत नाही. शाळेचं ॲप तुमच्या फोनवर असेल, तर गृहपाठ बघायला तोच फोन मुलगी हातात घेते. "आमच्या भांडणांमुळे ती अशी झाली आहे असं मला वाटतं" हे वाक्य तुमच्या मसुद्यात दुसऱ्याच परिच्छेदात आहे. ते तिने वाचलं तर तिच्यासाठी त्याचा अर्थ सरळ होतो: माझ्यामुळे आईला शाळेत तक्रार करावी लागली. म्हणून अर्ज लिहिताना एकच कसोटी ठेवा. हे मुलीने, क्लार्कनी आणि पर्यवेक्षिकांनी वाचलं तरी चालेल का? चालत असेल तेवढंच ठेवा.

आता तुमचा मसुदा घेऊ. त्यातल्या चार वाक्यांवर थांबतो, बाकीचं त्याच रीतीने तुम्हाला गाळता येईल.

"माझ्या मुलीला डिप्रेशन आलंय असं वाटतं." हे काढा. तुम्हाला जे दिसतं ते लिहा, त्याला नाव देऊ नका. नाव दिलं की वाचणारा त्या नावाच्या मागे जातो. शिक्षिका तिच्याकडे वेगळ्या नजरेने पाहू लागतात आणि मॅडमना मात्र त्यातून उपयोगाचं काही मिळत नाही. किती दिवसांपासून, कधी, किती वेळा, हे त्यांना हवं असतं. तुमच्या मसुद्याच्या शेवटच्या ओळीत "या महिन्यात पाच खाडे झाले, दोनदा शाळेतून फोन आला" असं आहे. अर्जातलं सगळ्यात मोलाचं वाक्य तेच, आणि ते दीड पानाच्या तळाशी गेलंय.

"मिस्टरांची नोकरी गेल्यापासून घरात रोज वाद होतात, कर्जाचा हप्ता थकलाय." हे पूर्ण काढू नका, झाका. घरात काहीतरी बदललंय हे मॅडमना आधी कळलं तर त्या पहिल्या भेटीला जास्त वेळ ठेवतात. काय बदललं हे अर्जात कळायची गरज नाही. "घरात अलीकडे काही बदल झाले आहेत, मुलीला त्याची कल्पना आहे, तपशील भेटीत सांगेन." एवढं पुरे. यातलं "मुलीला त्याची कल्पना आहे" हे मुद्दाम ठेवा. मूल अंधारात आहे की सगळं जाणून गप्प आहे, यावर मॅडम तिच्याशी काय बोलतील हे ठरतं. हे खोटं बोलणं नव्हे, त्यामुळे तुमच्या मिस्टरांनाही याला हरकत घ्यायचं कारण नाही.

"तिच्या बाकावरची मुलगी तिला चिडवते, तिचे आईवडील वेगळे राहतात त्यामुळे तीही तशीच आहे." हे मात्र एक अक्षरही ठेवू नका. ते दुसऱ्या घरातलं खासगी आहे आणि लेखी आहे. चिडवण्याचा प्रश्न खरा असेल तर "वर्गातल्या एका मुलीविषयी बोलायचं आहे" असं लिहा, नाव भेटीत सांगा. नाव लिहिलंत की ते वाचणाऱ्या शिक्षिकांना काहीतरी करावंच लागतं. मग दुसऱ्या दिवशी दोघींना समोरासमोर उभं केलं जातं, आणि तुमच्या मुलीची सकाळ आणखी अवघड होते.

"कृपया तिला लवकरात लवकर बोलावून समजवा." हेही बदला. शाळेत "समजवा" या शब्दाचा अर्थ मुलीला बोलावून चार गोष्टी सांगणं, असा होतो. तुम्हाला वेळ हवी आहे आणि पहिली वेळ तुम्हाला एकटीला हवी आहे, हे स्पष्ट लिहा.

गाळून उरतं ते साधारण असं:

> विषय: समुपदेशकांच्या भेटीची वेळ – इयत्ता ६ वी
>
> नमस्कार मॅडम,
>
> माझी मुलगी इयत्ता ६ वी मध्ये आहे (तुकडी व हजेरी क्रमांक खाली दिला आहे). जूनपासून शाळेच्या दिवशी सकाळी तिला पोटदुखी होते, सुटीच्या दिवशी होत नाही. डॉक्टरांनी तपासले आहे, शारीरिक कारण आढळले नाही. या महिन्यात ती ५ दिवस गैरहजर होती आणि २ वेळा शाळेतून घरी फोन करावा लागला. आई संध्याकाळी घरी येईल ना, ही काळजी तिला शाळेत असताना वाटत राहते.
>
> घरात अलीकडे काही बदल झाले आहेत, तिला त्याची कल्पना आहे. तपशील प्रत्यक्ष भेटीत सांगेन.
>
> आधी मला एकटीला २० ते ३० मिनिटांची वेळ मिळावी. आपण येता त्या दोन्ही दिवशी मी दुपारी १२.३० नंतर येऊ शकते. आपली भेट होईपर्यंत तिला वर्गातून बोलावू नये, ही विनंती.

खाली तुमचं नाव, तुकडी, हजेरी क्रमांक आणि फोन नंबर. झालं. शंभराच्या आसपास शब्द. फोनच्या पडद्यावर फारसं वर-खाली न करता वाचून होतात.

यापेक्षा थोडक्यातही लिहू नका. "मुलीविषयी थोडं बोलायचं आहे, वेळ द्यावी" असं मोघम लिहिलं की शाळेला वाटतं मार्कांचा विषय असेल, आणि वर्गशिक्षिकाच फोन करतात. तुम्ही फोनवर "नाही, तसं नाही" म्हणायला लागता आणि पाच मिनिटांत सगळं त्यांनाच सांगून बसता. कमी लिहिण्याने गुप्तता राहते असं नाही. नेमकं लिहिलं की प्रश्न कमी येतात आणि झाकायचं ते झाकलेलं राहतं. मोघम अर्जाचा आणखी एक तोटा म्हणजे तो रांगेत मागे पडतो. आठवड्यातून दोनच दिवस येणाऱ्या मॅडमच्या हाताशी मोजकेच तास असतात. कुणाला आधी बोलवायचं हे त्या खाडे, घरी फोन, जेवण-झोप अशा ठोस गोष्टींवरून ठरवतात.

डॉक्टरांचं वाक्य का ठेवलं, तर ते नसेल तर मॅडम पहिल्या भेटीत तेच विचारतील आणि "आधी दाखवून या" म्हणतील, म्हणजे एक भेट वाया. डॉक्टरांचा कागद मात्र ॲपवर जोडू नका, भेटीला सोबत न्या. आणि एक सांगून ठेवतो. रात्री झोपेतून उठवणारी पोटदुखी, वजन उतरणं, ताप, वारंवार उलट्या किंवा शौचातून रक्त, यातलं काहीही पुढे दिसलं तर "काळजीमुळे होतंय" म्हणून सोडू नका, पुन्हा डॉक्टरांकडे न्या.

पाठवायचं कसं, यातही घोळ होतात. वर्गाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर चुकून पडलेला खासगी निरोप शाळाशाळांत दिसतो, कारण तिथली शेवटची चॅट तीच उघडी असते. तो काढून टाकेपर्यंत तीन जणांनी वाचलेला असतो. शाळेच्या डायरीत लिहिणं त्याहून वाईट, कारण डायरी मुलगी दप्तरात घेऊन फिरते आणि बाकावर उघडी असते. ॲपमध्ये थेट समुपदेशकांना निरोप पाठवायची सोय आहे का ते बघा. नसेल तर ऑफिसात फोन करून एवढंच विचारा, "काउन्सेलर मॅडमना पत्र द्यायचंय, बंद पाकिटात दिलं तर त्यांच्याच हातात जाईल ना?" पाकिटावर फक्त त्यांचं पद आणि मुलीची इयत्ता लिहा. ॲपवरच पाठवावं लागलं तर विषयाच्या ओळीत पोटदुखी, काळजी, घर यातला एकही शब्द नको, कारण फोन कुलूपबंद असला तरी ती ओळ पडद्यावर झळकते. पाठवल्यावर तुमच्या फोनवरचा निरोपही मुलीच्या नजरेस पडणार नाही असं बघा.

उत्तर कधी येईल? मॅडम ज्या दिवशी येतात तो दिवस धरून मोजा. त्यांचे दोन दिवस उलटूनही काही आलं नाही, तर नवीन पत्र लिहू नका. जुन्याच निरोपाखाली "वेळ कळवावी, ही विनंती" एवढी ओळ टाका. उत्तर आलं नाही म्हणून पुढच्या पत्रात माणूस जास्त लिहितो. पहिल्या अर्जात झाकलेलं दुसऱ्यात उघडं पडतं ते तसंच. चाचणी परीक्षेच्या आठवड्यात आणि दिवाळीच्या सुट्टीच्या तोंडावर वेळ मिळणं कठीण, त्यामुळे या आठवड्यातच पाठवा. पालकसभेला गाठून बोलण्याचा विचार असेल तर सोडा. तिथे पाच-सात मिनिटं मिळतात आणि मागे रांगेत उभे असलेले पालक कान देऊन ऐकत असतात.

वेळ ठरली की शाळा बहुधा एक फॉर्म देईल. त्यात संमतीची सही असते, आणि कुटुंबाची माहिती, वडिलांचा व्यवसाय, घरात कोण कोण राहतं, "कौटुंबिक समस्या असल्यास" असे रकाने असतात. सही करा, ती लागते. व्यवसायाच्या रकान्यात मिस्टरांचं क्षेत्र लिहा, ते खरंच आहे. समस्येच्या रकान्यात "भेटीत सांगेन" लिहा, तो मोकळा सोडण्यापेक्षा हे बरं. फॉर्म ऑफिसात ठेवून येऊ नका, मॅडमच्या हातात द्या. शाळा सोडल्याच्या दाखल्यावर हे येईल का, अशी धास्ती पुष्कळ पालकांना असते. आपल्याकडच्या दाखल्यावर प्रगती, वर्तणूक, शाळा सोडण्याचं कारण असे रकाने असतात. समुपदेशनाचा रकाना त्यात नसतो.

आता भेट. तुम्ही एकट्या जाल तेव्हा पहिल्या दोन मिनिटांत तीन गोष्टी विचारून घ्या. मी सांगितलेलं तुम्ही कुठे लिहून ठेवता? ती वही कोण पाहू शकतं? वर्गशिक्षिकांना आणि मुख्याध्यापकांना काय सांगाल? चांगल्या समुपदेशक यावर रागावत नाहीत, बहुतेक वेळा त्या स्वतःहून सांगतात. उत्तर ऐकून मगच बोला. मग नोकरीचं सांगा, आणि वादांविषयी एवढंच सांगा की ते रात्री होतात, तिला ऐकू जातात आणि कधीपासून. हप्ता किती, कुणाकडून उसने घेतले, दीर काय म्हणाले, हे त्यांनाही लागत नाही. मुलगी काय ऐकते, काय पाहते आणि तिला त्यातून काय वाटतं, एवढी हद्द धरा. मात्र वादात कधी हात उगारला गेला असेल, तर ते झाकू नका, ते हद्दीच्या आतलंच आहे.

जाण्याआधी दहा शाळेच्या दिवसांची छोटी नोंद करा. तारीख, पोट किती वाजता दुखलं, किती वेळ, त्या दिवशी वेळापत्रकात काय होतं, आदल्या रात्री घरात काय झालं, शाळेत गेली का. एका दिवसाला एक ओळ. तुमच्या पत्रावरून धागा घरचा दिसतो, पण नोंदीत कदाचित असं निघेल की दुखणं मंगळवार आणि शुक्रवारी जास्त असतं आणि त्या दिवशी मोठ्याने वाचन असतं. मग गोष्ट वेगळी. तुमचा अंदाज मॅडमच्या गळी उतरवण्यापेक्षा ही दहा ओळींची नोंद त्यांच्यापुढे ठेवा. आदल्या रात्रीचा रकाना तुमच्याच शब्दांत, खुणेने लिहिलात तरी चालेल. ही नोंद पाठवायची नाही, दाखवायची.

तुमच्या पत्रातलं एक वाक्य आम्हाला बाकी सगळ्यापेक्षा महत्त्वाचं वाटलं: बाहेर काही बोलायचं नाही, असं तुम्ही तिला बजावलंय. अर्जात झाकणं ही मोठ्यांची गोष्ट झाली. पण तीच झाकण्याची आज्ञा घेऊन ती मॅडमसमोर बसली, तर काय होईल ते पाहा. मॅडम विचारतील, घरी कसं चाललंय? ती म्हणेल, छान. मॅडम विचारतील, आई घरी येईल ना असं का वाटतं? इथे तिला दोनच वाटा. खरं सांगितलं तर आईबाबांचा शब्द मोडतो, नाही सांगितलं तर मॅडमशी खोटं. अकरा वर्षांचं मूल बहुधा गप्प बसतं आणि त्या खोलीत जायच्या आदल्या रात्रीपासून त्याचं पोट दुखू लागतं. भेट घेतली तरी उपयोग होत नाही, याचं कारण पुष्कळदा एवढंच असतं.

म्हणून तिच्याशी आधी बोला, आणि मिस्टर सोबत असतील तेव्हाच बोला. बजावलं दोघांनी होतं, तर मोकळीकही दोघांकडूनच मिळायला हवी. "तुला शाळेत जाताना त्रास होतो ना, त्यासाठी आपण काउन्सेलर मॅडमना भेटणार आहोत. बाबांच्या कामाचं, रात्री आमचे आवाज चढतात त्याचं, तुला वाटेल ते त्यांना सांगितलंस तरी चालेल. आम्ही रागावणार नाही. मैत्रिणींना सांगायचं की नाही ते वेगळं, पण मॅडमना चालेल." एवढं बोलून थांबा. "आणि हो, हे हे मात्र सांगू नकोस" अशी शेपटी जोडू नका. परत आल्यावर "काय विचारलं? तू काय सांगितलंस?" अशी उलटतपासणीही नको. ती स्वतःहून सांगेल ते ऐका.

मिस्टर याला तयार होत नसतील, तर वाद गुप्ततेचा आहे असं धरून त्यांच्याशी बोला. अर्ज त्यांना वाचायला द्या. त्यात नोकरी नाही, पैसे नाहीत, भांडण नाही, हे त्यांना दिसेल. त्यानंतर उरतो तो मॅडम हे कुणाला सांगतील हा प्रश्न, तोही त्यांनी मॅडमनाच विचारावा. पहिल्या भेटीला ते आले तर उत्तमच.

गुप्ततेला मर्यादा आहेत, त्या आधीच माहीत असाव्यात. मूल स्वतःला किंवा दुसऱ्याला इजा करेल अशी भीती वाटली, किंवा मुलावर अत्याचार होत असल्याचं कळलं, तर समुपदेशकांना गप्प बसता येत नाही. लैंगिक अत्याचाराबाबत तर २०१२ च्या पोक्सो कायद्याप्रमाणे माहिती असलेल्या प्रत्येकाला पोलिसांकडे कळवावंच लागतं. नोकरी जाणं, घरातली चणचण किंवा आईवडिलांची शब्दांची भांडणं यात बसत नाहीत.

आणि याच कारणामुळे वरचा सगळा थोडक्यात लिहायचा सल्ला एका ठिकाणी लागू नाही. मुलीच्या तोंडून "मला जगायचं नाही" असं काही निघालं, अंगावर ओरखडे किंवा कापल्याच्या खुणा दिसल्या, कुणी तिला नको तसा स्पर्श केल्याचं ती बोलली, तर अर्ज लिहीत बसू नका आणि मॅडमच्या वाराची वाटही पाहू नका. जीवाविषयी बोलत असेल तर तिला एकटं न सोडता त्याच दिवशी केईएम, सायन किंवा नायरसारख्या पालिका रुग्णालयात न्या. तिन्हीकडे मानसोपचार विभाग आहे. रात्र असेल तर थेट अपघात विभागात जा. २०२२ मध्ये सुरू झालेली सरकारी टेलि-मानस सेवा १४४१६ या क्रमांकावर दिवसरात्र मिळते आणि मराठीत बोलता येतं. मुलांवरच्या अत्याचारासाठी १०९८ ही चाइल्ड हेल्पलाइन आहे. तातडीने पोलिसांची मदत हवी असेल तर ११२.

तुमच्या पत्रात यातलं काही दिसत नाही, त्यामुळे शाळेतल्या मॅडमपासून सुरुवात करणं योग्यच आहे. त्या औषध देत नाहीत, आणि दोन-तीन भेटींत पोटदुखी नाहीशी होईल अशी अपेक्षाही ठेवू नका. आधी खाडे कमी होतात, दुखणं मागाहून उतरतं. खाडे वाढतच गेले, ती सलग दोन आठवडे शाळेत गेलीच नाही, किंवा जेवण-झोप बिघडली, तर "बाहेर कुणाला दाखवावं का" हे मॅडमना तुम्हीच विचारा.

एक गोष्ट पहिल्या भेटीतच पक्की करून या: तिला वर्गातून कसं बोलावणार. शिपाईमामा दारात येऊन "काउन्सेलरकडे बोलावलंय" असं मोठ्याने सांगतात आणि चाळीस माना वळतात. मधल्या सुट्टीत सगळ्या विचारतात, का गं बोलावलं होतं? दुसऱ्या भेटीला ती नाही म्हणते. त्यापेक्षा तिने ठरलेल्या वेळी स्वतः जावं आणि वर्गशिक्षिकांना ते आधी माहीत असावं. वेळ शारीरिक शिक्षणाच्या किंवा चित्रकलेच्या तासाची नको. तो तास तिला आवडत असेल तर भेट म्हणजे शिक्षा वाटते. मैत्रिणींनी विचारलंच तर काय म्हणायचं, हे तिलाच ठरवू द्या. "मॅडमकडे काम होतं" एवढं पुरतं.

वर्गशिक्षिकांना काहीतरी सांगावं लागेलच, कारण पोट दुखलं की ती आधी त्यांच्याकडेच जाणार. ते वाक्य मॅडमबरोबर बसून शब्दशः ठरवा, आणि त्यात घर नको, वर्गात काय करायचं तेवढंच असू द्या. उदाहरणार्थ: "पोट दुखतं म्हणाली तर तिला दहा मिनिटं मागच्या बाकावर बसू द्यावं, पाणी द्यावं, आणि मग पुन्हा विचारावं. घरी फोन रोज एकदाच, मधल्या सुट्टीत." फोन एकदाच की अजिबात नको, हे मॅडम तिच्याशी बोलून ठरवतील. तो ठरला तर त्या वेळी तुमचा फोन वाजल्यावर तुम्ही उचलायला हवा. कामाच्या ठिकाणी ती पाच मिनिटं आधीच सांगून ठेवा.